टनाला किती ग्रॅम?

तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "ताई, खोडव्याला केवडा पडलाय. दुकानदार म्हणाला, आधी माती तपासा. तपासून आणली. आता हा कागद बघा. चुना साडेआठ आणि लोह तीन पॉइंट दोन. म्हणजे चुना लोहाच्या अडीच-पावणेतीन पट. एवढ्यानं ऊस पिवळा पडतो होय?"

तात्या सोलापूर जिल्ह्यातले, भीमेपासून थोड्या आतल्या अंगाला शेती असलेले. जमीन काळी, खाली चुनखडी, पाणी विहिरीचं. माझं निम्मं आयुष्य माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेलं आहे, त्यामुळे गावात कुणाचा अहवाल आला की तो एकदा माझ्या ओसरीवर येतोच. आणि तात्यांनी केली ती चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की त्यांना दोष देणं मला कधी पटलं नाही. चूक कागदाच्या मांडणीतच आहे. त्या कागदावर साडेआठच्या पुढे बारीक अक्षरात 'टक्के' लिहिलेलं होतं आणि तीन पॉइंट दोनच्या पुढे 'पीपीएम'. दोन्ही आकडे एकाखाली एक, एकाच रकान्यात. वाचणारा आकडे वाचतो, एकक वाचत नाही.

टक्का म्हणजे शंभरात किती. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. दहा लाखांत शंभर दहा हजार वेळा बसतात, म्हणून एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. पीपीएमचे टक्के करायचे तर दहा हजारांनी भागायचं, म्हणजे दशांशचिन्ह चार घरं डावीकडे सरकवायचं. टक्क्यांचे पीपीएम करायचे तर तेच चिन्ह चार घरं उजवीकडे. गणित एवढंच आहे आणि शाळेत सगळ्यांनी केलेलं आहे. पण ०.०००३२ टक्के असा आकडा डोळ्यांपुढे आला की त्यातून कुणालाच काही बोध होत नाही. शून्यं मोजतानाच माणूस थकतो. पीपीएम हे माप वापरात राहिलं ते याच कारणानं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा १.५ पीपीएम म्हटलं तर लक्षात राहतं, ०.०००१५ टक्के म्हटलं तर राहत नाही.

म्हणून मी तात्यांना टनाच्या भाषेत सांगते. ऊस पिकवणाऱ्याला टन समजावून सांगावा लागत नाही. टन म्हणजे हजार किलो, म्हणजेच दहा लाख ग्रॅम. तेव्हा एक पीपीएम म्हणजे टनाला एक ग्रॅम. आणि एक टक्का म्हणजे टनाला दहा किलो. एवढं पाठ असलं की भागाकार न करताही अहवाल वाचता येतो.

"आता तुमचा चुना बघू," मी म्हणाले. "साडेआठ टक्के. टनभर मातीत पंच्याऐंशी किलो चुना. आणि लोह ३.२ पीपीएम. टनभर मातीत तीन ग्रॅम आणि वर चिमूट."

तात्या गप्प झाले. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "पंच्याऐंशी किलो कुठं नि तीन ग्रॅम कुठं!"

पंच्याऐंशी किलो म्हणजे पंच्याऐंशी हजार ग्रॅम. त्याला ३.२ नं भागलं की साधारण साडेसव्वीस हजार येतात. अडीच पट नव्हे, साडेसव्वीस हजार पट. दोन्ही आकडे एका मापात आणले की केवडा का पडतो याचा अर्धा उलगडा तिथल्या तिथे होतो.

उरलेला अर्धा अधिक महत्त्वाचा आहे, कारण तिथे एकक बरोबर वाचणारे लोकही चुकतात. तात्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच. "म्हणजे माझ्या जमिनीत लोह नाहीच म्हणा की."

तसं नाही. पृथ्वीच्या कवचातच सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास लोह आहे आणि आपली काळी माती ज्या बेसॉल्टपासून झाली, तो तर लोहानं समृद्ध खडक. हिशोबासाठी तात्यांच्या मातीत एकूण लोह पाच टक्के धरू. टनाला पन्नास किलो. मग अहवालात टनाला ३.२ ग्रॅम कसं आलं? कारण प्रयोगशाळा एकूण लोह मोजतच नाही. पिकाच्या मुळांना जे लोह उचलता येईल, तेवढंच मोजायचा ती प्रयत्न करते. अहवालावर 'उपलब्ध लोह' असा शब्द असतो तो याचसाठी. टक्के आणि पीपीएम ही इथे नुसती मोठी-लहान मापं राहत नाहीत. घरात किती धान्य आहे आणि आज शिजवायला हाताशी किती आहे, असे ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

उपलब्ध लोह मोजायची पद्धत लिंडसे आणि नॉरवेल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडली आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा तीच वापरतात. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती घ्यायची, तीत डीटीपीए नावाच्या रसायनाचं वीस मिलिलिटर द्रावण घालायचं, दोन तास हलवत ठेवायचं, मग गाळायचं. डीटीपीए लोह, जस्त, तांबं आणि मँगनीज यांना चिमट्यासारखं धरून द्रावणात आणतं, पण जे खनिजांच्या पोटात घट्ट बसलेलं आहे त्याला ते हात लावत नाही. मूळही साधारण तेवढंच करू शकतं. गाळलेलं द्रावण यंत्रात गेलं की यंत्र आकडा दाखवतं. तात्यांच्या नमुन्यात तो १.६ पीपीएम असला पाहिजे.

अहवालात मात्र ३.२ आलं, कारण १.६ पीपीएम हे द्रावणातलं प्रमाण आहे, मातीतलं नव्हे. दहा ग्रॅम मातीतलं लोह वीस मिलिलिटर द्रावणात पसरलं, म्हणजे दुप्पट पातळ झालं. म्हणून यंत्राच्या आकड्याला दोननं गुणायचं. पालाश मोजताना पाच ग्रॅम मातीला पंचवीस मिलिलिटर द्रावण लागतं, तिथे गुणक पाच. हा गुणक द्यायला विसरणं ही प्रयोगशाळेतली जुनी चूक आहे. मी नवीन असताना एका प्रयोगशाळेत चार दिवसांचे सगळे अहवाल असे निम्म्या आकड्यांनी बाहेर पडल्याचं मी पाहिलेलं आहे. नुसता एक आकडा बघून ही चूक बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही. पण लोह, जस्त, तांबं आणि मँगनीज हे चारही आकडे मागच्या अहवालाच्या जवळजवळ निम्मे आले असतील, तर फोन करून विचारायला हरकत नाही. जमिनीतली चार मूलद्रव्यं एका वर्षात एकाच प्रमाणात निम्मी होत नाहीत.

एककाची चूक ओळखणं त्याहून सोपं. एकदा एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे अहवाल घेऊन आले, त्यावर लोह ३.८ टक्के छापलं होतं आणि शेरा होता 'कमी'. टनाला अडतीस किलो उपलब्ध लोह? असं होऊच शकत नाही. एकूण लोह मोजलं असेल तर ३.८ टक्के बरोबर आहे, पण मग 'कमी' हा शेरा चुकीचा, कारण पिकाची गरज एकूण लोहावरून ठरत नाही. आणि उपलब्ध लोह मोजलं असेल तर शेरा बरोबर, पण तिथे पीपीएम हवं. छापताना रकान्याचं शीर्षक बदलायचं राहिलं होतं, एवढंच. पण त्या एका शब्दानं आकडा दहा हजार पट फुगला होता. अहवालावर कोणतं मूलद्रव्य टक्क्यांत शोभतं आणि कोणतं पीपीएममध्ये, याचा अंदाज असला की अशी चूक डोळ्यांत खुपते. मातीत मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब टक्क्यांत, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि गंधक पीपीएममध्ये. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवरही सेंद्रिय कर्ब टक्क्यांत आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं पीपीएममध्येच छापलेली असतात.

त्याच पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश मात्र तिसऱ्याच मापात असतात, किलो प्रति हेक्टर. तात्यांच्या कागदावर पालाश ४०३ होता आणि तो पाहून ते खूश होते. तो आकडा लोहाच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर आधी हेक्टरची माती किती टन, ते ठरवावं लागतं. प्रयोगशाळा वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचं वजन हेक्टरी बावीस लाख चाळीस हजार किलो धरते, म्हणजे २,२४० टन. हा आकडा आला कुठून? जुन्या इंग्रजी-अमेरिकी हिशोबात एका एकराच्या नांगरटीच्या थराचं वजन वीस लाख पौंड धरत. त्याचंच किलो आणि हेक्टरमध्ये रूपांतर केलं की २२.४ लाख येतात. म्हणून पीपीएमला २.२४ नं गुणलं की किलो प्रति हेक्टर मिळतात आणि उलट भागलं की पीपीएम. तात्यांचा ४०३ किलो पालाश म्हणजे १८० पीपीएम, म्हणजे टनाला १८० ग्रॅम, म्हणजेच ०.०१८ टक्के. हा हिशोब ठोकळ आहे हे लक्षात असू द्यावं. भुसभुशीत काळ्या रानात त्याच थराचं वजन याहून कमी भरतं आणि मग हेक्टरी किलोही कमी होतात. टनाला ग्रॅम हा आकडा मात्र मातीच्या वजनावर अवलंबून नसतो, म्हणून माझा भरवसा त्याच्यावर जास्त.

आता २,२४० टन मातीचा हा आकडा हाताशी आहेच, तर लोहाचा हिशोब पुरा करू. उपलब्ध लोह टनाला ३.२ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी साधारण सव्वासात किलो. पुरेसं समजायची पातळी टनाला ४.५ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी दहा किलो. तूट पावणेतीन-तीन किलोची. आणि एकूण लोह पाच टक्के धरलं तर हेक्टरी किती? एकशे बारा टन. तात्या ज्या रानात उभे राहून लोह नाही म्हणत होते, त्याच रानाच्या वरच्या वीतभर मातीत एकशे बारा टन लोह पडलेलं होतं आणि पिकाला तीन किलोची चणचण होती.

याचं कारण तो पंच्याऐंशी किलो चुना. चुन्यामुळे मातीचा सामू वर जातो. तात्यांचा ८.३ होता. अशा मातीत लोह पाण्यात विरघळून राहू शकत नाही, ते गंजासारखं घट्ट बसतं. भरीला विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असलं तर मुळाभोवतीची थोडीफार आम्लताही मारली जाते. मग कोवळी पानं पांढुरकी-पिवळी पडतात, शिरा काही दिवस हिरव्या राहतात आणि खालची जुनी पानं हिरवीच असतात. नत्र कमी पडलं तर उलट होतं, आधी जुनी पानं पिवळी पडतात. कागद हातात नसला तरी रानात एवढं पाहून दोन्ही वेगळे करता येतात.

तात्यांना दुकानदारानं हेक्टरी पंचवीस किलो फेरस सल्फेट टाकायला सांगितलं होतं. शिफारस चुकीची नाही, पण ती आपल्या मापात करून बघू. खताच्या पिशवीवर लोह १९ टक्के असतं. पंचवीस किलोत लोह पावणेपाच किलो. २,२४० टन मातीत ते पसरलं की टनाला २.१ ग्रॅम. आधीच्या ३.२ मध्ये हे मिळवलं की ५.३, म्हणजे साडेचारच्या वर. कागदावर तूट भरून निघाली. पण रानात निघत नाही. नुसतं फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत फोकून दिलं तर काही दिवसांत त्यातलं बहुतेक लोह त्या एकशे बारा टनांत जाऊन मिळतं. बँकेत आधीच गोठवलेलं मोठं खातं असावं आणि आपण भरलेली नवी रक्कमही त्याच खात्यात जमा व्हावी, तसं होतं. म्हणून फेरस सल्फेट शेणखतात मिसळून, काही दिवस मुरवून, सरीत मुळांजवळ द्यायचं असतं. शेणखतातले सेंद्रिय घटक लोहाला धरून ठेवतात आणि ते सगळ्या मातीत न पसरता एका पट्ट्यात राहतं. त्या पट्ट्यात प्रमाण टनाला २.१ ग्रॅमपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि मुळांना तेवढं पुरतं.

पिशवीवरच्या टक्क्यांनी फसवणूक होण्याची आणखी एक जागा इथेच आहे. बाजारात लोहाची चिलेटं मिळतात. एकावर १२ टक्के लोह लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ६ टक्के आणि किंमत मात्र दुसऱ्याची जास्त. शेतकरी सरळ हिशोब करतो आणि बारा टक्केवालं उचलतो. बारा टक्क्यांचं बहुधा ईडीटीएचं असतं आणि आठच्या वर सामू असलेल्या चुनखडीच्या मातीत ते लोह सोडून चुन्याला धरतं. सहा टक्क्यांचं ईडीडीएचए प्रकारचं असेल तर अशाच मातीत ते लोहाला घट्ट धरून ठेवतं. टक्का पिशवीत किती आहे ते सांगतो, मातीत किती टिकेल ते सांगत नाही. चुनखडीच्या जमिनीवाल्यानं आधी चिलेटचं नाव वाचावं, मग टक्का.

केवडा दिसला की लगेच उपाय म्हणून फवारणी करतात. तिथे पुन्हा टक्के येतात आणि पुन्हा घोळ होतो. फवारणी अर्धा टक्का फेरस सल्फेटची सांगतात. अर्धा टक्का म्हणजे ५,००० पीपीएम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला पाच किलो, शंभर लिटरला पाचशे ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला पंच्याहत्तर ग्रॅम. त्यात प्रत्यक्ष लोह १९ टक्के, म्हणजे फवाऱ्यात साधारण ९५० पीपीएम लोह. कुणी 'शंभर लिटरला पाचशे ग्रॅम' हे ऐकून त्याचं '५०० पीपीएम' करून टाकतं. पाचशे पीपीएम म्हणजे शंभर लिटरला पन्नास ग्रॅमच. दहापट पातळ फवारा मारून मग औषध काम करत नाही म्हणतात. उलट चूक अधिक महागात पडते. ०.५ चे ५ टक्के झाले की कोवळी पानं करपतात. पाणी विहिरीचं आणि क्षाराचं असेल तर फेरस सल्फेट घातल्यावर थोड्या वेळात बादलीतलं पाणी तांबूस होऊन गाळ बसतो का ते बघावं. तो गाळ म्हणजे वाया गेलेलं लोह. चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून पाण्याचा सामू आधी उतरवावा आणि द्रावण केल्याबरोबर फवारावं.

पाण्याचा विषय निघाला तसे तात्यांनी दुसरा कागद काढला. विहिरीच्या पाण्याचा अहवाल. विद्राव्य क्षार ९६० मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्याच्या बाबतीत मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीएम एकच धरतात, कारण लिटरभर पाण्याचं वजन जवळजवळ एक किलो असतं आणि किलोत दहा लाख मिलिग्रॅम. पाणी खूप खारट असेल तर वजन वाढतं आणि थोडा फरक पडतो. समुद्राच्या पाण्यात क्षार साडेतीन टक्के, म्हणजे ३५,००० पीपीएम, तिथे तो जाणवतो. विहिरीच्या पाण्यात तो सोडून द्यावा. बऱ्याच अहवालांत क्षारांऐवजी विद्युत वाहकता दिलेली असते. ती डेसिसायमन प्रति मीटरमध्ये असेल तर ६४० नं गुणून क्षारांचा ढोबळ अंदाज मिळतो. तात्यांची वाहकता १.५ होती. त्यावरूनच ९६० आले.

९६० पीपीएम म्हणजे ०.०९६ टक्के. शेकड्यात एक दशांशही नाही. तात्या म्हणाले, "हे तर काहीच नाही." प्यायला म्हणाल तर चवीला जाणवेल एवढंच. पण शेतात हा आकडा वेगळा वागतो, कारण पाणी रोज येतं आणि क्षार मागे राहतात. हजार लिटरच्या टाकीत ९६० ग्रॅम क्षार. एक हेक्टरावर एक मीटर उंचीचं पाणी वर्षभरात दिलं, आणि उसाला पाटानं देताना याहून जास्तच दिलं जातं, तर ते एक कोटी लिटर होतं, म्हणजे दहा हजार टाक्या. त्यात क्षार ९,६०० किलो. ०.०९६ टक्क्यांचं पाणी एका वर्षात हेक्टरी साडेनऊ टनांहून जास्त क्षार आणून टाकतं. निचरा चांगला असेल आणि पाऊस भरपूर झाला तर त्यातले बरेच धुऊन जातात. निचरा नसेल तर ते पांढरे होऊन वर येतात. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठची क्षारपड झालेली रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको. पिकानं उचललेलं पाणी हवेत जातं, क्षार जात नाहीत, हे मी तात्यांना दोनदा सांगितलं. पुढच्या हंगामात ठिबक करीन म्हणाले. ठिबकनं पाणी कमी लागेल, म्हणजे क्षारही कमी येतील. पण चर खणून निचरा करणं ठिबकनं टळत नाही, हेही मी त्यांच्या कागदावर लिहून दिलं.

उठण्याआधी तात्यांनी विचारलं, "नमुना परत द्यावा का? त्यांचं काही चुकलं नसेल ना?"

मी विचारलं, नमुना कसा काढला होता. खुरप्यानं माती उकरली, पत्र्याच्या बादलीत गोळा केली, मग पिशवीत भरली, असं म्हणाले. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण टनाला ग्रॅमच्या हिशोबात तोच सगळ्यांत जास्त फसवतो. आपण प्रयोगशाळेत साधारण अर्धा किलो माती देतो. त्या अर्ध्या किलोत ३.२ पीपीएम दरानं उपलब्ध लोह फक्त १.६ मिलिग्रॅम असतं. जस्त तर तात्यांच्या अहवालात ०.४८ पीपीएम होतं, म्हणजे अर्ध्या किलोत मिलिग्रॅमचा चतुर्थांशही नाही. पत्र्याच्या बादलीला आतून जस्ताचाच मुलामा असतो. ओल्या मातीनं त्या मुलाम्याचा डोळ्यांना न दिसणारा कण खरवडला तरी हा आकडा बदलतो. गंजक्या खुरप्याचं लोहाच्या बाबतीत तेच. चुना आणि सेंद्रिय कर्ब टक्क्यांत असतात, त्यांना अशा कणाचा धक्का लागत नाही. धक्का बसतो तो पीपीएममधल्या आकड्यांना. तात्यांचे आकडे कमीच आले होते, म्हणजे तूट खरीच होती, कदाचित कागदावर दिसते त्याहून थोडी जास्तही.

सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी माती द्यायची असेल तर ती लाकडी खुंटीनं किंवा खुरप्यानं उकरलेला काठ लाकडी पट्टीनं खरवडून काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळा, सावलीत वाळवा आणि कापडी किंवा प्लॅस्टिकच्या नव्या पिशवीत भरा. खताची रिकामी पिशवी त्यासाठी वापरू नका.